आठ आठवड्यांच्या फॉर्म्युल्यासाठी एक अपील

विमा कंपनीचं नकारपत्र चार पानांचं असलं तरी त्यातली कामाची वाक्यं दोन-तीनच असतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला, त्यांच्या ११ वर्षांच्या मुलीसाठी मागितलेल्या पोषण-फॉर्म्युल्याबद्दल आलेल्या पत्रात ती अशी होती. फॉर्म्युला तोंडाने घेतला जाणार आहे, नळीने नव्हे. तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बाजारात मिळतो, म्हणून तो अन्न आहे. आणि त्याची वैद्यकीय गरज सिद्ध झालेली नाही.

ही मुलगी कुणा एका घरातली नाही. मुलांच्या पचनविकारांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना जे कागद माझ्यासमोर येतात, त्यांवरून मी तिची गोष्ट जुळवली आहे आणि तिचे आकडेही नमुन्याचे आहेत. आजार, नियम आणि मुदती मात्र खऱ्या आहेत. या तीन वाक्यांना उत्तर देणारं पत्र कसं लिहायचं, एवढंच मला इथे सांगायचं आहे, कारण बहुतेक अपिलं ही वाक्यं नीट न वाचताच लिहिली जातात. घाबरलेले आईवडील मुलीच्या हालांचं वर्णन करतात, घाईत असलेले डॉक्टर जुन्या पत्रातलं नाव बदलून सही करतात, आणि नकार कायम राहतो.

मुलीला क्रोन्स हा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याला जागोजागी सूज येते, व्रण पडतात, पोट दुखतं, जुलाब होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वाढत्या वयात त्याची सगळ्यात मोठी किंमत वाढीलाच मोजावी लागते. आजार बराच काळ मुरत राहिला तर उंची खुंटते, वयात येणं लांबतं, आणि ते गेलेले महिने पुढे पूर्ण भरून निघतीलच याची खात्री नसते.

यावर एक उपचार असा आहे की तो ऐकून घरची माणसं आधी गोंधळतात. सहा ते आठ आठवडे मुलाचं सगळं जेवण बंद करायचं आणि केवळ द्रवरूप फॉर्म्युला द्यायचा. पोळी नाही, भात नाही, वाढदिवसाचा केक नाही. सोबत फक्त पाणी. प्रथिनं, मेद, साखर, जीवनसत्त्वं, क्षार असं सगळं त्या फॉर्म्युल्यातच असतं. हे अशक्त मुलाला वरून दिलेलं टॉनिक नव्हे. या काळात आतड्याची सूजच उतरते. ती नेमकी कशी उतरते याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते आणि नेहमीच्या अन्नातले काही घटक बंद होतात, हे त्यामागे असावं असं मानलं जातं. परिणाम मात्र मोजलेला आहे. रोममधल्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्रोन्सच्या ३७ मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला दहा आठवडे फक्त फॉर्म्युला दिला, दुसऱ्याला स्टेरॉइड. दुर्बिणीने आतडं पुन्हा तपासलं तेव्हा फॉर्म्युला घेतलेल्या १९ मुलांपैकी १४ जणांचे व्रण भरत आले होते, स्टेरॉइड घेतलेल्या १८ पैकी सहा जणांचे. युरोपातल्या क्रोन्सच्या आणि बालपचनविकारांच्या तज्ज्ञसंस्थांनी २०१४ साली एकत्रितपणे काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, आतड्याच्या आतल्या सुजेसाठी मुलांमध्ये हाच पहिला उपचार सांगितला आहे. स्टेरॉइडने लक्षणं लवकर निवतात, पण ते हाडांवर आणि उंचीवर परिणाम करतात. वाढीच्या वयात तेच तर टाळायचं असतं.

एवढं पाठबळ हाताशी असताना अपील सोपं वाटतं, पण खरी अडचण इथेच सुरू होते. हा पुरावा फॉर्म्युला-उपचाराच्या बाजूने आहे. अमुक एका महागड्या फॉर्म्युल्याच्या बाजूने नाही. साध्या फॉर्म्युल्यात दुधातली प्रथिनं अखंड असतात. विशेष फॉर्म्युल्यात ती आधीच तोडून पेप्टाइडच्या लहान तुकड्यांत किंवा थेट अमिनो आम्लांत आणलेली असतात. क्रोन्स आटोक्यात आणण्यात या प्रकारांमध्ये फरक आढळलेला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली सगळे अभ्यास एकत्र तपासून तेच सांगितलं, आणि रोमच्या अभ्यासातला फॉर्म्युलाही साधाच होता. विमा कंपनीच्या डॉक्टरला हे ठाऊक असतं. पत्रात नुसतं ‘पेप्टाइडचा फॉर्म्युला पचायला हलका’ एवढंच लिहिलं तर तो शांतपणे विचारेल, मग साधा का नको?

म्हणून माझ्या मते चांगल्या पत्राने ही गोष्ट स्वतःहून आधी मान्य करावी आणि मग याच मुलीला साधा का चालला नाही ते दाखवावं. आमच्या मुलीला तो दिला होता. तिला दिवसाला २,००० कॅलरी लागत होत्या. साध्या फॉर्म्युल्यावर दहा दिवसांत ती सरासरी १,१०० च्या पुढे गेली नाही. रोज एक-दोन उलट्या, चार-पाच जुलाब, आणि वजन आणखी ६०० ग्रॅमने कमी. नंतर दवाखान्यातली नमुन्याची पाकिटं वापरून पाच दिवस पेप्टाइडचा फॉर्म्युला दिला, तेव्हा ती १,८५० कॅलरींपर्यंत पोचली आणि उलट्या थांबल्या. आईने वहीत रोज किती मिली गेलं, किती वाजता उलटी झाली, हे लिहून ठेवलं होतं. सगळ्या फाइलमध्ये सर्वात मोलाचा कागद तोच. दोन फॉर्म्युले, एकच मुलगी, पंधरा दिवसांच्या नोंदी. एवढ्यावर ‘साधा का नको’ हा प्रश्न मिटतो. अशी वही नसेल तर अपील लिहिण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधा फॉर्म्युला देऊन पाहावा आणि नोंदी ठेवाव्यात. दुधाची सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तर अर्थातच हा प्रयोग करायचा नाही. तिथे ॲलर्जीचा अहवालच पुरेसा असतो.

वैद्यकीय गरज सिद्ध करायची ती आकड्यांनी, आणि त्यांतला सगळ्यात बोलका आकडा वजनाचा. सहा महिन्यांपूर्वी ३१ किलो, आता २८. नेहमीच्या वजनाच्या हे जवळजवळ १० टक्के झालं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या निकषांप्रमाणे मुलाचं वजन साडेसात टक्क्यांहून जास्त घटलं की ते मध्यम कुपोषण ठरतं, १० टक्क्यांवर गेलं की तीव्र. म्हणजे ही मुलगी तीव्रच्या उंबरठ्यावर आहे. ‘वजन फार कमी झालंय’ असं न लिहिता हे गणित पत्रात मांडावं. उंचीची गोष्टही तशीच. या वयात वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते, तिची झाली दोन. शाळेच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या जुन्या नोंदी मागवून वाढीचा आलेख जोडला, की मुलगी आपली रेघ सोडून खाली कशी आली ते वाचणाऱ्याला एका नजरेत दिसतं.

त्याला जोडून दोनच तपासण्या. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आतड्याची सूज दाखवतं. ते साधारण ५० च्या आत असावं, हिचं १,८०० आहे. रक्तातलं अल्ब्युमिन साडेतीनच्या वर असावं, ते २.९ आहे. आणखी वीस अहवाल जोडण्याचा मोह होतो, पण पत्र वाचणाऱ्याकडे वेळ थोडा असतो आणि गठ्ठा जाड झाला की महत्त्वाचं पान त्यात हरवतं. मी आकडे पहिल्याच पानावर घालते आणि अहवाल मागे जोडते.

आता नकारातलं पहिलं वाक्य, तोंडाने की नळीने. एंटरल पोषण म्हणजे पचनमार्गातून दिलेलं पोषण. ते नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीने दिलेलं असो की ग्लासाने प्यायलेलं. पण बऱ्याच विमा योजनांची कलमं नळी गृहीत धरून लिहिलेली असतात. इथे आधी योजनेचा मूळ दस्तऐवज मागवायचा. संकेतस्थळावरचं माहितीपत्रक पुरत नाही. आमच्या मुलीच्या योजनेत शब्द होते, ‘पोषणाचा एकमेव स्रोत असताना एंटरल पोषण देय’. नळीचा उल्लेखच नव्हता. तो नकार देणाऱ्याने स्वतः घातला होता. आठ आठवडे तिच्या तोंडात दुसरं काहीच जाणार नाही, म्हणजे फॉर्म्युला हाच तिच्या पोषणाचा एकमेव स्रोत आहे. पत्रात योजनेचं ते वाक्य पान क्रमांकासह उद्धृत करून हे दाखवलं. जोडीला डॉक्टरांनी लिहिलं, की पिऊ शकणाऱ्या मुलीला केवळ कलमासाठी नळी घालणं वैद्यकीयदृष्ट्या गैर आहे आणि नळी, पंप, परिचारिकेच्या भेटी यांचा खर्च फॉर्म्युल्यावर आणखी चढेल.

योजनेत ‘फक्त नळीने’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र हा मुद्दा चालत नाही, आणि ते कुटुंबाला आधीच सांगितलेलं बरं. पेप्टाइडचा फॉर्म्युला कडवट लागतो. काही मुलं तो पुरेसा पिऊच शकत नाहीत आणि त्यांना रात्री नळीने द्यावा लागतो. तसं खरोखर असेल तर डॉक्टरांनी तसं लिहावं. नसेल तर अपवाद म्हणून मंजुरी मागावी. नसलेली नळी कागदावर आणू नये.

दुसरं वाक्य, ‘चिठ्ठीशिवाय मिळतो म्हणून अन्न’. याचं उत्तर देताना पत्रातली स्वतःचीच भाषा आधी तपासावी लागते. डॉक्टरांच्या पहिल्या पत्रात ‘मुलीला पूरक आहाराची गरज आहे’ असं वाक्य होतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण ‘पूरक आहार’ हे शब्द विम्याच्या वगळलेल्या यादीतलेच असतात. ते काढून तिथे लिहिलं, ‘क्रोन्सच्या सक्रिय सुजेवरचा प्राथमिक उपचार, कालावधी आठ आठवडे, त्यानंतर परिणामाची तपासणी’. सुरुवात, शेवट आणि परिणाम मोजण्याची रीत सांगितली की वाचणाऱ्याला तो उपचार म्हणून दिसतो. पर्यायाचीही नोंद हवी. हा उपचार झाला नाही तर पुढची पायरी स्टेरॉइडची किंवा रक्तवाहिनीतून द्यायच्या जैविक औषधांची. ती औषधं याच योजनेत देय आहेत आणि त्यांचे धोके वेगळे आहेत.

मॅसॅच्युसेट्समध्ये याच मुद्द्यावर थेट कायदा आहे. क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस अशा नाव घेऊन सांगितलेल्या आजारांमुळे अन्न अंगी लागत नसेल आणि डॉक्टरांनी लेखी सांगितलं असेल, तर घरी वापरायचा एंटरल फॉर्म्युला, तो चिठ्ठीशिवाय मिळणारा असला तरी, विम्याने द्यायचा. न्यूयॉर्कमध्येही असा कायदा आहे आणि त्यातही क्रोन्सचं नाव आहे. हे वाचून आईला वाटलं, आता प्रश्न सुटला. मला तिला थांबवावं लागलं.

“ताई, कायद्यात नाव असताना ते नाही कसं म्हणतील?” तिने विचारलं.

कारण वडिलांची योजना विमा कंपनीची नव्हतीच. कार्डावर विमा कंपनीचं नाव होतं, पण पैसे नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या खिशातून देत होती. विमा कंपनी फक्त कारभार बघत होती. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक योजना अशाच असतात, आणि तिथल्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातली असंख्य मराठी कुटुंबं त्यांतच मोडतात. अशा योजनांना १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्यांचे विम्याचे कायदे त्यांना बांधत नाहीत. सगळं अपील राज्याच्या कायद्यावर उभं केलं असतं तर एका ओळीत ते निकालात निघालं असतं. योजना कुठल्या प्रकारची हे कार्डावरून सहज कळत नाही. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारायचं, योजना स्वनिधीची आहे की पूर्ण विम्याची. अपिलाची पहिली ओळ लिहिण्याआधी हे उत्तर हातात असावं.

स्वनिधीच्या योजनेचे वाटे वेगळे असले तरी ते आहेत. नकारासाठी वापरलेले सगळे कागद, त्यामागचा निकष आणि मत देणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञाची ओळख, हे मागितल्यावर योजनेला विनामूल्य द्यावं लागतं. आमच्या मुलीच्या बाबतीत आलेल्या निकषाच्या कागदावर तान्ह्या बाळांच्या फॉर्म्युल्याचं धोरण होतं. ११ वर्षांच्या क्रोन्सच्या रुग्णाला ते लावलं होतं. अपील आधीच्या निर्णय घेणाऱ्यानेच, किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाने, तपासायचं नाही, आणि वैद्यकीय मुद्दा असेल तर त्या विषयातल्या जाणकाराचा सल्ला घ्यावा लागतो. पत्रात आम्ही बालपचनविकारतज्ज्ञच मागितला. शिवाय पैसे कंपनीचे असल्यामुळे मनुष्यबळ विभागालाही स्वतंत्र पत्र देता येतं. हा वाटा फार कमी लोकांना ठाऊक असतो.

मुदती पाळणं तितकंच महत्त्वाचं. नकार मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करता येतं. उपचार अजून सुरू व्हायचा असेल तर त्यावर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. थांबल्याने मुलाच्या प्रकृतीला गंभीर धोका आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर ७२ तासांत. घसरतं वजन आणि २.९ वरचं अल्ब्युमिन पाहता आमच्या मुलीसाठी तातडीचंच अपील योग्य होतं. घरच्या अपिलातही नकार आला तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र तपासणीकडे जाता येतं, आणि तिथला निर्णय योजनेवर बंधनकारक असतो. मात्र केंद्रीय नियमांखालची ही तपासणी मुख्यतः वैद्यकीय निर्णयाच्या वादांसाठी आहे. ‘योजनेत हे कलमच नाही’ असा निव्वळ कराराचा नकार असेल तर ते दार बंद होऊ शकतं. म्हणून नकारातलं तिसरं वाक्य, ‘वैद्यकीय गरज सिद्ध नाही’, वाचून वाईट वाटलं तरी तेच आपल्या उपयोगाचं असतं. पत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख ठेवावा, म्हणजे वाद वैद्यकीय आहे हे कागदोपत्री राहतं.

पत्र निर्दोष असूनही अपील पडतं ते बहुधा बिलामुळे. अमेरिकेत फॉर्म्युल्याला सांकेतिक क्रमांक असतात. मुलांच्या पेप्टाइड किंवा अमिनो आम्लांच्या फॉर्म्युल्याचा B4161, अखंड प्रथिनांच्या दाट फॉर्म्युल्याचा B4160. तोंडाने घ्यायचा असेल तर पुढे BO हे चिन्ह लागतं. फॉर्म्युला पुरवणाऱ्या दुकानाने चुकून B4160 टाकला, की पत्र एका वस्तूबद्दल आणि बिल दुसऱ्या वस्तूबद्दल होतं. मोजणीही पाकिटांची नसते. १०० कॅलरी म्हणजे एक एकक. २,००० कॅलरी म्हणजे दिवसाला २० एककं, आठ आठवड्यांची १,१२० एककं, आणि २५० कॅलरींच्या पाकिटात मोजली तर ४४८ पाकिटं. चिठ्ठी, पत्र आणि बिल या तिन्ही ठिकाणी हाच हिशेब जुळला पाहिजे. पाकिटाला सात डॉलर धरले तरी रक्कम ३,१३६ डॉलर होते. कुटुंबासाठी ती थोडी नाही.

शेवटी तयार झालेलं पत्र दोन पानांचं होतं. पहिल्या परिच्छेदात दावा क्रमांक, नकाराची तारीख, मागणी आणि तातडीची विनंती. मग आजार आणि ते चार आकडे. मग साधा फॉर्म्युला देऊन पाहिल्याची हकिगत, वहीच्या प्रतीसह. मग नकारातली तीन वाक्यं जशीच्या तशी, आणि प्रत्येकाखाली उत्तर. मग २०१४ च्या सूचना आणि रोमचा अभ्यास, दोनच संदर्भ. शेवटी, नकार द्यायचाच असेल तर योजनेतलं नेमकं कलम आणि वैद्यकीय कारण लेखी द्यावं अशी मागणी. सही बालपचनविकारतज्ज्ञांची, आणि आईचं एक पानी पत्र वेगळं जोडलेलं. त्यात तिने शाळेचे बुडालेले दिवस आणि रात्रीच्या उलट्या लिहिल्या होत्या. त्या मजकुराची जागा तीच; वैद्यकीय पत्रात तो मिसळला की आकडे झाकले जातात.

पत्र गेल्यावर विमा कंपनीचा डॉक्टर आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला तयार होतो. ती संधी सोडू नये. पण त्या फोनआधी डॉक्टरांच्या हातात हेच दोन पानी पत्र असावं, नाहीतर आठवणीतून बोलताना १,१०० आणि १,८५० हे आकडे राहून जातात.

मंजुरी मिळाली तरी ती ठरावीक मुदतीचीच असते. आठ आठवड्यांनंतर नेहमीचं जेवण हळूहळू सुरू होतं, आणि काही मुलांना पुढेही दिवसाच्या एकूण कॅलरींचा काही भाग फॉर्म्युल्यातून घ्यावा लागतो. तेव्हा ‘एकमेव स्रोत’ हा आधार उरत नाही, नवं कारण द्यावं लागतं, आणि ते कारण उपचाराच्या परिणामातूनच येतं. म्हणून चौथ्या आणि आठव्या आठवड्याला वजन, अल्ब्युमिन आणि कॅलप्रोटेक्टिन पुन्हा करून घ्यावं. कॅलप्रोटेक्टिन १,८०० वरून खाली आलं आणि वजन पुन्हा ३१ किलोकडे सरकलं, तर नूतनीकरणाच्या अर्जात तो आकडा पहिल्या ओळीत लिहावा. उतरलं नाही, तर हा उपचार या मुलीला लागू पडत नाही असं समजून डॉक्टरांनी पुढच्या औषधाकडे वळावं. त्या औषधाच्या मंजुरीच्या अर्जालाही याच फाइलमधले कागद लागतील.